घराचा विषय निघाला की बायको गप्प होते, पण नक्की कुठल्या वाक्याला?

प्रश्न: लग्नाला पाच वर्षं झाली. बायको एरवी भरपूर बोलते, पण घर घ्यायचं किंवा पुढच्या पाच-दहा वर्षांत काय करायचं असा विषय काढला की एकदम गप्प. भांडत नाही, नाही म्हणत नाही, "बघू" म्हणते आणि उठून जाते. मी चिडलो की अजूनच गप्प. तिला माझ्याबरोबर पुढे राहायचंच नाही का, असं वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर: तुमची झोप शेवटच्या वाक्यानेच उडालेली असणार, म्हणून आधी तेच घेते. तिला तुमच्याबरोबर राहायचं नाही, हा एक अर्थ निघू शकतो हे खरं, पण अजून चार-पाच अर्थही तितकेच शक्य आहेत आणि तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून यातला कुठला खरा ते कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि अनुभव असा आहे की जो माणूस विषय काढतो त्याने शांततेचा सगळ्यात वाईट अर्थ आधीच लावलेला असतो आणि मग पुढचं प्रत्येक वाक्य तो त्या अर्थाच्या ओझ्याखाली बोलतो. तुम्ही तोंडाने "घर बघूया का" म्हणता पण आवाजात "तुला मी हवाय की नको" असतं. समोरच्याला ते ऐकू येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे "घर घ्यायचं" हा एक प्रश्न नाहीये. त्यात बरेच प्रश्न एकत्र बांधलेले असतात. आपल्याकडे पैसे किती आहेत आणि ते कोणाचे, कर्ज कोणाच्या नावावर, घर कुठल्या भागात म्हणजे कोणाच्या आईवडलांपासून जवळ आणि कोणाच्या लांब, एकदा हप्ता सुरू झाला की नोकरी सोडायची किंवा बदलायची मोकळीक राहते का, मूल हवंय का आणि कधी, आणि सगळ्यात तळाशी, वीस वर्षांनी आपण दोघं एकत्र असू का. तुम्ही एक वाक्य बोलता आणि तिला यातला कुठलातरी एकच प्रश्न मोठ्याने ऐकू येतो. ती त्याला गप्प होते. तुम्हाला मात्र वाटतं की ती सगळ्यालाच गप्प झाली. म्हणून "ती गप्प का होते" हे तिला विचारत बसण्यापेक्षा ती नक्की कुठल्या वाक्याला गप्प होते हे तुम्ही शोधा, कारण "का" चं उत्तर बऱ्याचदा तिलाही शब्दात सांगता येत नसतं, "कुठे" मात्र तुम्हाला नीट बघितलं तर दिसू शकतं.

त्याआधी एक काम. सध्या तुमच्यात जे चाललंय त्याला आमच्या क्षेत्रात डिमांड-विथड्रॉ म्हणतात, एकजण मागे लागतो, दुसरा मागे सरतो, तो सरला म्हणून पहिला अजून जोरात मागे लागतो, आणि दोघांनाही मनापासून वाटतं की सुरुवात समोरच्याने केली. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यातली मला फार उपयोगी वाटणारी गोष्ट अशी की कोण मागे लागतो आणि कोण सरतो हे फक्त स्वभावावर नसतं, बदल कोणाला हवाय यावरही असतं. ज्याला बदल हवा असतो तो बोलत राहतो. ज्याला आहे तसं चाललंय ते चालेल किंवा बदलाची भीती आहे, त्याला बोलून काही मिळण्यासारखं नसतं, गप्प बसलं की विषय आपोआप टळतो. तुम्ही लिहिलंयच की ती एरवी भरपूर बोलते, म्हणजे ती मुळातच अबोल आहे असं काही नाही. या एका विषयात बदल हवाय तो तुम्हाला, एवढंच दिसतंय.

हे चक्र थांबवायचं तर मागे लागणं आधी थांबतं, कारण दोघांपैकी तुमच्या हातात फक्त तेवढंच आहे. पण नुसतं अचानक गप्प बसू नका, कारण मग तिला वाटेल तुम्ही रुसलात, आणि ती रोज वाट बघत बसेल की आता कधी परत काढतोय. स्पष्ट सांगा, "मी गेले काही महिने घराचा विषय सारखा काढतोय आणि तुला कोंडीत पकडल्यासारखं होत असेल. पुढचे दोन आठवडे मी तो काढणार नाही. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आपण अर्धा तास बसू, त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही, मला फक्त तुझं ऐकायचंय." आणि मग खरंच काढायचा नाही, आडूनसुद्धा नाही, म्हणजे मित्राने फ्लॅट घेतल्याची बातमी नाही, जाहिरात फॉरवर्ड करणं नाही, "भाडं परत वाढलं बघ" असा उसासा नाही. बरेच लोक इथेच फसतात, विषय काढत नाहीत पण टोमणा चालू ठेवतात, आणि गप्प होणाऱ्या माणसासाठी दोन्ही एकच असतं.

या दोन आठवड्यांत तुम्ही स्वतःसाठी एक कागद घ्या आणि मागच्या तीन-चार वेळचं आठवून लिहा. कुठे होता, किती वाजले होते, तुमचं पहिलं वाक्य काय होतं (शक्य तितकं जसंच्या तसं), ती किती वेळ नॉर्मल बोलत होती, आणि ती थांबली त्याच्या आधीचं शेवटचं वाक्य कुठलं. त्यानंतर तुम्ही काय केलंत तेही लिहा. "नेहमीच गप्प होते" असं लिहू नका, ते कामाचं नाही. अनेकांना लिहायला बसल्यावर पहिल्यांदाच लक्षात येतं की समोरचा माणूस सुरुवातीला चांगला पाच-दहा मिनिटं बोलत होता, आणि मग एका ठराविक जागी दार लागलं. ती जागा हवीये आपल्याला.

हे कसं उपयोगी पडतं ते एका जोडप्यावरून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांच्यात गप्प होणारा नवरा होता. बायकोचं म्हणणं तुमच्यासारखंच, घराचं नाव काढलं की हा उठून जातो, याला माझ्याबरोबर काही उभंच करायचं नाहीये. तिला मी हाच कागद लिहायला लावला. पहिली नोंद, तिने एका घराचे फोटो दाखवले तेव्हा तो उत्साहाने बोलला होता, खिडकी कुठल्या दिशेला, कुठली भिंत पाडता येईल वगैरे. दुसरी, "तुझ्या आईलाही एक खोली होईल" म्हणाली तेव्हाही ठीक, खूशच होता. तिसरी, "बँकेत जाऊन किती कर्ज मिळेल विचारून येऊ" म्हणाली आणि तो मोबाईल घेऊन बाहेर गेला. चौथी, तिने सहज सांगितलं की बहिणीच्या नवऱ्याचं लोन आठवड्यात मंजूर झालं, तर हा जेवता जेवता गप्प झाला. बघा, या चार नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं, घर, आई, पुढची वर्षं, यातल्या कशालाही तो गप्प होत नव्हता. कोणीतरी तिसरा माणूस त्याची कागदपत्रं बघणार, या जागेला तो गप्प होत होता.

मग त्यालाही "तू गप्प का होतोस" विचारण्याचं काही कारण राहिलं नाही. मी विचारलं, "समजा तुम्ही दोघं बँकेत बसलायत, समोरच्याने तुमची कागदं मागितली, त्या क्षणी तुम्हाला काय होतंय?" बराच वेळ गेला, आणि मग आलं ते. लग्नाआधी भावाच्या धंद्याच्या कर्जाला तो जामीन राहिला होता. धंदा बसला, हप्ते थकले, आणि गेलं वर्षभर तो स्वतःच्या पगारातून त्यातले काही हप्ते भरत होता, बायकोला सांगितलं होतं की यंदा इन्सेंटिव्ह कमी आला. जामीनदार म्हणजे नुसती सही नसते, मूळ कर्जदाराने नाही भरलं तर सावकार जामीनदाराकडे येतो, आणि बऱ्याच ठिकाणी ते कर्ज जामीनदाराच्या क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसतं. त्याला माहीत होतं की गृहकर्जाचा अर्ज केला त्या दिवशी हे बायकोसमोर एका अनोळखी माणसाच्या तोंडून येणार. म्हणून "बघू".

ती चिडली, आणि तिचं चिडणं बरोबरच होतं, एक वर्ष तिच्याशी खोटं बोललं गेलं होतं. पुढच्या काही बैठका घराबद्दल नव्हत्याच. दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढला, सगळी कर्जं, कार्डं, जामीन, घरच्यांना द्यायचे पैसे हे एका कागदावर आणलं. भावाच्या कर्जातलं किती आणि किती महिने आपण भरणार याची मर्यादा ठरली, हप्ते कमी करून मुदत वाढवून मिळते का हे सावकाराला विचारायचं काम भावाकडे गेलं. घर जवळपास अडीच वर्षं पुढे गेलं. तिने एक गोष्ट सांगितली ती मी विसरलेले नाही, पैशापेक्षा तिला जास्त त्रास याचा झाला की इतके महिने ती समजत होती की तिच्याबरोबरचं आयुष्यच याला नकोय, आणि त्याला दिसत होतं की ती तसं समजतेय, तरी त्याने समजू दिलं.

आता तुमच्या बायकोचं असंच काही लपलेलं कर्ज असेल असं मी म्हणत नाहीये हं, कृपया आज रात्री तिच्या बँकेचे मेसेज बघू नका. मुद्दा जागेचा आहे. काहीजण पैशाच्या कागदाला थांबतात. काहीजण भागाच्या नावाला, विशेषतः ते नाव सासरच्या किंवा माहेरच्या जवळचं असेल तर. काहीजण कर्जाच्या मुदतीला, आणि ही जागा बायकांच्या बाबतीत मी बरेचदा बघितली आहे. "वीस वर्षांचं लोन" ऐकलं की एखादी जी मनातल्या मनात नोकरी सोडून दुसरं काहीतरी शिकायचा विचार करत असते, आणि तो विचार अजून नवऱ्याला सांगण्याइतका पक्का नसतो, तिला त्या वीस वर्षांत स्वतःचा पगार अडकलेला दिसतो. ती घराला नाही म्हणू शकत नाही कारण घर तिलाही हवंय, आणि हो म्हणाली तर तो न बोललेला विचार तिथेच संपतो. काहीजणी मुलाच्या प्रश्नाला थांबतात, कारण नवरा सहज "एक खोली मुलांची" म्हणतो आणि तिचं मूल हवं की नको हेच ठरलेलं नसतं. आणि कधी कधी जागा विषयात नसतेच, तुमच्या पद्धतीत असते, म्हणजे तुम्ही एक्सेल शीट घेऊन येता, भाग ठरलेला, बजेट ठरलेलं, आणि तिला फक्त मान डोलवायची असते. हेही कागदावर तपासा, तुमच्या किती वाक्यांत "मी बघितलं, मी काढलं, मी विचारलं" आहे.

तुम्हाला ज्याची भीती आहे, म्हणजे शंका घराबद्दल नसून नात्याबद्दल असणं, ते ओळखायची एक त्यातल्या त्यात भरवशाची खूण आहे. तशा वेळी माणूस फक्त घराला गप्प होत नाही, पुढच्या काळातल्या लहानसहान गोष्टींनाही होतो. सहा महिन्यांनंतरची सुट्टी, पुढच्या वर्षी कोणाचं तरी लग्न, एकत्र एखादा विमा, कुत्रा पाळायचा का, अशा कशातही "आपण" म्हणून पुढची तारीख द्यायला तो टाळतो. तुमची बायको पुढच्या वर्षीच्या प्रवासाबद्दल आनंदाने बोलते आणि घराला थांबते, असं असेल तर अडचण घराच्या गाठोड्यातल्या कुठल्यातरी एका प्रश्नात असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे थांबत असेल तर प्रश्न वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

गप्प होण्याच्या दोन तऱ्हाही वेगळ्या ओळखा. एकात माणूस शांत दिसतो पण शरीर शांत नसतं, नजर एका जागी खिळलेली, खांदे वर, श्वास उथळ, विचारलं तर शब्द सापडत नाहीत. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जोडप्यांच्या भांडणांच्या वेळी हृदयाचे ठोके मोजले होते, त्यांच्या कामातून आलेला अंदाज असा की ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की ऐकणं आणि विचार करून बोलणं दोन्ही अवघड होतं. त्या अवस्थेत तुम्ही कितीही योग्य मुद्दा मांडलात तरी तो पोचत नाही, आणि "बोल ना काहीतरी" हे वाक्य तर आगीत तेल. तिथे थांबायचं, किमान वीस मिनिटं, कारण शरीर खाली यायला तेवढा वेळ लागतोच, आणि थांबताना परत कधी बसणार ते सांगून थांबायचं. त्या वीस मिनिटांत मनात पुढचे मुद्दे रचत बसलात तर तुमचंही शरीर खाली येत नाही, तेव्हा चक्क चालायला जा किंवा भांडी घासा. दुसरी तऱ्हा म्हणजे सैल, थंड, सभ्य गप्पपणा, "हो ना, बघू या", आणि लगेच पुढच्या मिनिटाला वेगळ्या विषयावर सहज बोलणं. तिथे घाबरणं नसतं, तिथे बहुतेक उत्तर तयार असतं आणि ते सांगितलं तर काय होईल याचा हिशोब चाललेला असतो. पहिल्याला वेळ द्यावा लागतो, दुसऱ्याला "नाही" म्हणायची सुरक्षित जागा.

आता तो शनिवार. बसायची वेळ दोघं दमलेले नसाल अशी निवडा, रात्री झोपताना अजिबात नको. समोरासमोर टेबलावर बसण्यापेक्षा शेजारी बसून किंवा चालत बोलणं अनेकांना सोपं जातं, नजर चुकवायची मोकळीक राहते. सुरुवात तिच्या गप्प होण्यापासून करू नका, तुमच्यापासून करा, आणि तुमच्या खऱ्या भीतीपासून, "तू घराला गप्प होतेस तेव्हा माझ्या मनात येतं की तुला माझ्याबरोबर राहायचं नाही. हे माझ्या मनात येतं, तू तसं म्हणालेली नाहीस. मला तुझं खरं काय ते ऐकायचंय, आणि आज काही ठरवायचं नाहीये." एवढंच. हे वाक्य म्हणायला जड जातं मला माहीत आहे, पण तुम्ही हे बोलला नाहीत तर ते प्रत्येक वाक्यात लपून बोललं जाणार.

मग ते गाठोडं सोडवा. मी जोडप्यांना कागदाचे तुकडे करायला लावते, एकेकावर एकेक शब्द, पैसे, कर्ज, कुठे, नोकरी, मूल, घरचे, आपण दोघं. आणि विचारायला सांगते, "यातला कुठला तुकडा हातात घेतला की तुला जड वाटतं?" ज्याला बोलता येत नाही त्याला बोट दाखवता येतं, ही साधी गोष्ट आहे पण तिने फार वेळा काम केलंय. तिने बोट दाखवलं की त्या एकाच तुकड्यावर थांबा, बाकीचे बाजूला सरकवा. तिथे अजून एक प्रश्न उपयोगी पडतो, ० ते १० मध्ये याबाबतीत तू किती तयार आहेस? समजा ती ४ म्हणाली. आपल्या तोंडावर लगेच येतं "फक्त चारच का?" आणि मग ती सहा कारणं सांगते की का जमणार नाही, आणि स्वतःचीच कारणं ऐकून अजून घट्ट होते. उलटं विचारा, "४ म्हणालीस, २ का नाही?" मग तिला जे थोडंफार हवंय ते ती स्वतःच्या तोंडाने सांगते. हे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाच्या पद्धतीतलं आहे, विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक यांनी वाढवलेली पद्धत, मुळात दारूचं व्यसन असलेल्यांशी बोलताना सुरू झालेली, आणि तिचा गाभाच असा की माणसाचं मन दोन्हीकडे ओढलं जात असताना तुम्ही एका बाजूने जोर लावला की तो आपोआप दुसऱ्या बाजूची वकिली करायला लागतो. तुमच्या घरात नेमकं हेच होत असण्याची शक्यता आहे, घराच्या बाजूचं सगळं तुम्हीच बोलून टाकता, तिच्यासाठी फक्त विरोधाची खुर्ची उरते.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात सावकाश दहा मोजा, हवं तर वीस. ही शांतता तुम्हाला नेहमीसारखीच वाटेल पण ती तशी नसते, ती उत्तर शोधत असते, आणि तुम्ही तिसऱ्या सेकंदाला "म्हणजे मला असं म्हणायचं होतं की" सुरू केलंत की ते शोधणं थांबतं. आणि जे पहिलं उत्तर येईल ते सोडवायला जाऊ नका. समजा ती म्हणाली, "मला भीती वाटते की मग मला ही नोकरी कधीच सोडता येणार नाही." तुमच्या तोंडी येईल "अगं तसं काही नाही, माझ्या एकट्याच्या पगारातही हप्ता बसतो, मी काढलंय कॅल्क्युलेशन." कॅल्क्युलेशन बरोबर असेलही. पण तिला ऐकू येतं की माझी भीती दीड मिनिटात निकालात काढली. त्याऐवजी, "म्हणजे हप्ता सुरू झाला की तू अडकलीस असं वाटतंय. नोकरी सोडायचा विचार कधीपासून आहे?" आणि ऐका. पहिल्या बैठकीत एवढंच झालं तर ती बैठक यशस्वी झाली. अर्धा तास झाला की थांबा, जरी छान चाललं असलं तरी, कारण तुम्ही वेळ पाळता हे कळलं तरच ती दुसऱ्यांदा बसेल.

ती जिथे थांबते ती जागा सापडली की पुढचं पाऊल छोटं आणि मागे घेता येण्यासारखं ठेवा. पैशाची किंवा अडकण्याची भीती असेल तर मी खोटा हप्ता चालवून बघायला सांगते. घर घेतल्यावर जो हप्ता येईल असं वाटतंय त्यातून आत्ताचं भाडं वजा करा, उरलेली रक्कम सहा महिने दर महिन्याला पगार झाल्याच्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला हात लावायचा नाही. देखभाल, कर, दुरुस्ती यासाठीही थोडं धरा, लोक ते विसरतात. सहा महिन्यांत दोघांनाही शरीराने कळतं की हे पेलतंय का, कुठल्या महिन्यात ओढाताण झाली, कशावरून कुरबूर झाली. नाही पेललं तर काही बिघडलं नाही, पैसे जमा आहेतच. तिची अडचण नोकरीची असेल तर हेच तिच्या पगाराशिवाय करून बघा, मग "माझ्या पगारात बसतं" हा तुमचा दावा राहत नाही, दोघांनी बघितलेली गोष्ट होते. जागेची अडचण असेल तर खरेदीऐवजी त्या भागात आधी भाड्याने राहून बघता येतं. आणि पुढची बैठक कधी, ते कॅलेंडरवर टाका, महिन्यातून एकदा पुरे, मधल्या काळात विषय बंद. गप्प होणाऱ्या माणसाला ठरलेली वेळ फार आधार देते.

आता ती दुसरी शक्यता. तुम्ही तुकडे मांडलेत आणि तिने "आपण दोघं" वर बोट ठेवलं, किंवा पुढच्या सगळ्याच गोष्टींना ती थांबतेय असं तुमच्या कागदावर दिसलं. तर घर त्या दिवसापासून बाजूला, आणि हे मी फार गंभीरपणे सांगतेय. बांधिलकीवर काम करणारे संशोधक स्कॉट स्टॅन्ली दोन गोष्टींत फरक करतात, एक म्हणजे आतून असलेली ओढ, या माणसाबरोबर राहायचंय असं वाटणं, आणि दुसरी म्हणजे बाहेरची बंधनं ज्यामुळे निघणं महाग पडतं. घर आणि कर्ज ही दुसऱ्या प्रकारात येतात. पहिली कमी असताना दुसरी वाढवली की नातं टिकल्यासारखं दिसतं पण आतला माणूस फक्त अडकलेला असतो. बरेच नवरे-बायका नेमकं या वेळी घर रेटतात, घर झालं की सगळं सेटल होईल म्हणून. सततच्या आग्रहाला कंटाळून दिलेला होकार कसा ओळखायचा तर त्यात एकही प्रश्न नसतो, "तू म्हणशील तसं" असतं, ती घर बघायला येते पण कपाटं उघडून बघत नाही. तसा होकार मिळाला तर सही करू नका. संयुक्त कर्जात साधारणपणे दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात, अर्ध्या-अर्ध्याला नाही, त्यामुळे नंतर वेगळं व्हायची वेळ आलीच तर घर विकणं, कर्ज एकाच्या नावावर घेणं, हे सगळं त्या दुःखाच्या वर येऊन पडतं. अशा वेळी जोडप्यांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा, आणि जाताना "घर घ्यायला बायकोला तयार करा" हे काम घेऊन जाऊ नका, "आम्हाला पुढे एकत्र राहायचंय का आणि कसं" हे घेऊन जा.

एक अवघड प्रश्न तुम्हाला स्वतःला विचारावा लागेल. तुम्ही लिहिलंय "मी चिडलो की". चिडणं म्हणजे किती? आवाज चढतो, वस्तू आपटल्या जातात, दोन-दोन दिवस अबोला धरता, पैशाचे व्यवहार फक्त तुमच्या हातात आहेत आणि तिला प्रत्येक खर्च सांगावा लागतो, यातलं काही असेल तर तिचं गप्प राहणं हे स्वतःला सांभाळणं आहे, आणि वर लिहिलेल्या कागदाच्या तुकड्यांनी ते सुटणार नाही, उलट तिच्या तोंडून काढून घेतलेलं तिच्याविरुद्धच वापरलं जाईल अशी तिला भीती राहील. तिथे आधी तुम्ही एकट्याने कोणाकडे तरी जाऊन रागावर काम करायचं. नुसता वैताग असेल, कधीतरी आवाज वाढत असेल, तर तेवढं मान्य करून शनिवारच्या सुरुवातीलाच एका वाक्यात सांगा आणि पुढे जा, लांबलचक माफी नको, कारण मग तिला तुमचीच समजूत काढत बसावी लागते.

आणि समजा तुम्ही हे सगळं नीट केलंत, तीन-चार बैठका महिन्याच्या अंतराने झाल्या, टोमणे नाहीत, दबाव नाही, तरी प्रत्येक वेळी "बघू" च आलं. तर मग "बघू" ला उत्तर समजायचा तुम्हाला हक्क आहे. तिला सांगा, धमकीच्या सुरात नाही आणि रडवेलं होऊनही नाही, "तुला बोलायला जमत नाहीये हे मला दिसतंय. मला पुढच्या वर्षाचं काहीतरी ठरवायला लागणार आहे, मी जून महिन्यापर्यंत थांबतो, तोपर्यंत आपण दोघं समुपदेशकाकडे जाऊ, तू येणार नसशील तर मी एकटा जाईन." तारीख तीच द्या जी तुम्ही खरंच पाळणार आहात. बचत मात्र आजपासूनच स्वतःच्या नावावर सुरू ठेवा, तिला सांगून, लपवून नाही, ती रक्कम पुढे दोघांच्या घराला जाईल की आणखी कशाला, हे जूनमध्ये बघता येईल.